ऐनवेळचे विषय

तुमच्या मंडळाच्या वार्षिक सभेची विषयपत्रिका डोळ्यांसमोर आणा. मागील सभेचं इतिवृत्त, हिशोब, कार्यकारिणीची निवडणूक आणि सगळ्यांत शेवटी ते ओळखीचं वाक्य, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर मी लहानपणापासून ते वाचत आले. त्यामुळे माझा असा समज झाला होता की सभेत कुठलाही विषय आणता येतो, अध्यक्षांनी फक्त मान डोलवायची. मागच्या वर्षी इंग्लंडमधल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळाची सेक्रेटरी झाले आणि हा समज मोडला. कसा मोडला ते सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकजण अशाच मंडळांची इतिवृत्तं लिहीत असणार.

मी विद्यापीठात पोस्टडॉक आहे. दिवसभर प्रयोगाच्या नोंदी ठेवते, म्हणून 'तुला लिहायची सवय आहे' असं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. आमचं मंडळ भागभांडवल नसलेली, सभासदांच्या हमीवर नोंदलेली कंपनी आहे. इथल्या बऱ्याच संस्था अशाच नोंदलेल्या असतात. म्हणजे आमच्या सभांना मंडळाची घटना तर लागू होतेच, शिवाय २००६ चा कंपनी कायदाही लागू होतो. आमचे सभासद ४६.

वार्षिक सभा शनिवार, १५ मार्च २०२५ ला ठरली होती. सभेला १४ दिवसांची नोटीस लागते हे मला माहीत होतं. म्हणून १ मार्चच्या रात्री, लॅबमधून आल्यावर, मी सगळ्यांना ईमेल पाठवला. एक ते पंधरा, झाले चौदा दिवस, असा माझा हिशोब.

तो तीन ठिकाणी चुकला होता. पहिली गोष्ट, नोटीस दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही सोडून मधले पूर्ण १४ दिवस मोजायचे असतात. दुसरी, घटनेत वेगळं काही नसेल तर ईमेल पाठवल्यावर ४८ तासांनी पोचला असं कायदा धरतो. आणि तिसरी, जी मला सगळ्यांत उशिरा कळली, ती म्हणजे त्या ४८ तासांत सुटीचे दिवस मोजत नाहीत. शनिवारी रात्री पाठवलेला ईमेल कायद्याच्या दृष्टीने मंगळवार, ४ मार्च संपताना पोचला. तिथून पूर्ण १४ दिवस म्हणजे १८ मार्चपर्यंत. शनिवारीच सभा घ्यायची तर २२ मार्चच्या आधी ती घेता येत नव्हती.

हे सभेच्या सकाळी आमच्या एका सभासदाच्या, व्यवसायाने अकाउंटंट असलेल्या एका दादाच्या, लक्षात आलं. हॉल घेतलेला, मसालेभाताची पातेली गाडीत चढलेली. अध्यक्षबाई म्हणाल्या, "आलेल्यांना विचारू. सगळ्यांची हरकत नसेल तर चालू करू." ३१ जण आले होते. त्यांनी विचारलं, कोणीच हरकत घेतली नाही. सभा झाली. आणि शेवटी ऐनवेळी विषय आला तो मराठी शाळेच्या हॉलचा. मालक तीन वर्षांचा भाडेकरार द्यायला तयार होता, मार्च अखेरपर्यंत उत्तर हवं होतं. आमच्या घटनेप्रमाणे वर्षाहून लांबचा करार सभासदांच्या सभेतच मंजूर व्हावा लागतो. हात वर झाले, टाळ्या पडल्या, करार मंजूर.

रात्री मी इतिवृत्ताच्या मसुद्यात लिहिलं, 'नोटिशीतील त्रुटी सर्व सभासदांनी एकमताने माफ केली व ऐनवेळच्या विषयास संमती दिली.' वाक्य सुरेख होतं. फक्त खरं नव्हतं.

मसुदा फिरवल्यावर दोन दिवसांनी कोल्हापूरहून एका काकांचा फोन आला. मंडळाचे जुने सभासद, त्या पंधरवड्यात भारतात होते. आवाज चढलेला नव्हता. "बाळ, मी तिथे नव्हतो. मग माझ्या वतीने माफ कोणी केलं?" मी म्हटलं, काका, सगळे उपस्थित एकमत होते. ते म्हणाले, "उपस्थितांनी आपापलं माफ करावं की. हॉलचा विषय येणार हे कळलं असतं तर मी प्रॉक्सी दिली असती. माझं मत विरोधात होतं."

या लेखात सांगायचं ते एवढंच आहे, आणि ते काकांनी एका वाक्यात सांगितलं होतं. नोटीस हा ज्याचा त्याचा हक्क असतो. सभेला आलेला माणूस हरकत न घेता बसला तर त्याने स्वतःचा हक्क सोडला असं म्हणता येतं. न आलेल्याचा हक्क तो सोडू शकत नाही. आणि उशिरा आलेल्या नोटिशीचा फटका बसतो तो नेमका न आलेल्यांनाच.

मग कमी मुदतीची सभा कधीच घेता येत नाही का? येते. इथल्या कायद्यात त्याला वाट आहे, पण आकडा मोठा आहे. आमच्यासारख्या संस्थेत एकूण मतांच्या किमान ९० टक्के मतं ज्यांच्याकडे आहेत अशा सभासदांची कमी मुदतीला संमती लागते. हे ९० टक्के हॉलमध्ये बसलेल्यांचे नाहीत, सगळ्या सभासदांचे. ४६ चे ९० टक्के ४१.४, म्हणजे ४२ जण. आमचे ३१ एकमुखाने हो म्हणाले तरी ११ कमीच होते. एखाददुसऱ्याला नोटीस चुकून गेलीच नाही तर कायदा ते पोटात घालतो. पण सगळ्यांनाच उशिरा पाठवणं त्यात बसत नाही.

शिवाय ही संमती फक्त दिवसांच्या कमतरतेला पुरते. विषयपत्रिकेत नसलेला विषय तिने आत येत नाही. सभेत काय ठरणार आहे त्याचं साधारण स्वरूप नोटिशीत असावं लागतं. घटना बदलायची असेल तर ठरावाचा शब्दन् शब्द द्यावा लागतो, आणि तो विशेष ठराव म्हणून येणार आहे हेही लिहावं लागतं. ऐनवेळच्या विषयावर चर्चा करा, माहिती द्या, पुढच्या सभेत आणायचं ठरवा, कार्यकारिणीला सूचना करा. सभासदांना बांधणारा निर्णय तिथे घेऊ नका.

मी मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. त्याजागी घडलं तेच लिहिलं: नोटीस किती दिवस कमी पडली, ३१ उपस्थितांपैकी कोणी हरकत घेतली नाही, अनुपस्थित १५ जणांची संमती घेतलेली नव्हती, आणि हॉलचा विषय नोटिशीत नव्हता. कार्यकारिणीने ठरवलं की त्या दिवशीच्या एकाही निर्णयावर विसंबायचं नाही. पण मालकाला महिनाअखेर उत्तर हवं होतंच. म्हणजे पुन्हा कमी मुदतीची सभा, यावेळी नीट.

गुरुवार, २० मार्चला नोटीस गेली, सभा शनिवार, २९ मार्चला. त्यात तीनच विषय होते, हिशोब, निवडणूक आणि भाडेकरार. कराराच्या ठरावाचा मजकूर पूर्ण दिला. प्रॉक्सीचा फॉर्म जोडला. आणि वेगळ्या कागदावर एकच प्रश्न विचारला, ही सभा कमी मुदतीत घ्यायला तुमची संमती आहे का? खाली मुद्दाम लिहिलं की संमती दिली म्हणजे ठरावाला पाठिंबा दिला असं होत नाही. व्हॉट्सअॅपवर काहींनी अंगठा पाठवला, तो मी धरला नाही. अंगठा कशाला दिला ते नंतर सांगता येत नाही. ईमेलने किंवा सही करून उत्तर द्या म्हणून एकेकाला फोन केले. २८ तारखेच्या रात्रीपर्यंत ४३ संमती आल्या. एका ताईंनी नाही म्हणून कळवलं, दोघांचं उत्तर आलं नाही.

इतिवृत्त आम्ही इंग्रजीत ठेवतो. त्यातला परिच्छेद इथे मराठीत देते, हवा तर उचला:

'अध्यक्षांनी सभेच्या सुरुवातीला सांगितले की या सभेची नोटीस दि. २० मार्च २०२५ रोजी ईमेलने पाठवली असून ती कायद्याने लागणाऱ्या १४ दिवसांपेक्षा कमी मुदतीची आहे. एकूण ४६ सभासदांपैकी ४३ जणांनी कमी मुदतीस लेखी संमती दिली आहे. आवश्यक संख्या ४२. एका सभासदाने संमती नाकारली, दोघांचे उत्तर आले नाही. नावांची यादी व संमतीपत्रे सोबत जोडली आहेत. उपस्थितांपैकी कोणाची हरकत आहे का असे विचारले असता कोणीही हरकत घेतली नाही. त्यानंतर कामकाज सुरू झाले.'

बघा, यात 'एकमताने' हा शब्द कुठे नाही. त्रुटी कोणती, किती जणांची संमती लागत होती, किती मिळाली, कोणी नाकारली, आणि हे सगळं कामकाज सुरू होण्याआधी विचारलं, एवढंच आहे. पाच वर्षांनी एखाद्याने करारावर बोट ठेवलं तर उत्तर या परिच्छेदात आणि जोडलेल्या कागदांत असेल.

अमेरिकेतल्या वाचकांनी आपल्या राज्याचा कायदा बघावा, पण तत्त्व ओळखीचं वाटेल. कॅलिफोर्नियात सार्वजनिक हिताच्या ना-नफा संस्थेत आलेल्या सभासदाने सुरुवातीलाच हरकत घेतली नाही तर त्याने नोटिशीचा हक्क सोडला असं धरतात. पण नोटीस सदोष असेल तर मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येक अनुपस्थिताची लेखी सही लागते, सभेआधी किंवा नंतर, आणि ती इतिवृत्तासोबत किंवा दप्तरी ठेवावी लागते. संचालकाला काढणं किंवा संस्थेचे आर्टिकल्स ऑफ इन्कॉर्पोरेशन बदलणं अशा विषयांत तर नोटिशीत किंवा त्या लेखी सूटपत्रात विषय लिहिलेलाच असावा लागतो, नाहीतर मताधिकार असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं.

२९ तारखेला पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी २७ जण आले, ५ प्रॉक्सी होत्या. करार २९ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. त्या तीनपैकी एक प्रॉक्सी कोल्हापूरहून आलेली होती. कमी मुदतीला संमती देणाऱ्या ४३ जणांतही काकांचं नाव होतं. सभा व्हावी असं त्यांना वाटत होतं, करार होऊ नये असंही वाटत होतं. माझ्या पहिल्या मसुद्यात या दोन्ही गोष्टींना जागा नव्हती.

मे महिन्यात ते परत आले तेव्हा मी त्यांना इतिवृत्ताची प्रत दिली. चष्मा लावून त्यांनी तो परिच्छेद वाचला, यादीतलं आपलं नाव बोटाने शोधलं, आणि म्हणाले, "आता बरोबर आहे. हॉल मात्र महाग घेतलात."