कोपरावरील रेघ

गेल्या श्रावणांत एका रात्रीं आम्ही दिव्याखालीं वाचीत बसलों होतों. आमचें घर कोंकणांत, भातखाचराच्या अगदीं कडेला. पावसानें नुकतीच उघडीप दिली होती, म्हणून खिडकी सताड उघडी होती. वाचतां वाचतां डाव्या कोपराच्या आंतल्या बाजूस कांहींसें वळवळलें. पुस्तकावरची दृष्टि न काढतां आम्हीं हात मुडपला आणि उजव्या बोटांनीं तें चोळून टाकलें. पुढें झोंप येऊं लागली, तेव्हां त्याच बोटांनीं उजवा डोळा चोळला आणि निजलों.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळपर्यंत कांहींच नव्हतें. दिवेलागणीला मात्र कोपरापाशीं आग होऊं लागली. तिसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों चार बोटें लांबीची लाल रेघ उमटलेली, आणि तिच्यावर बारीक पिवळट फोड धरलेले. उजव्या डोळ्याची पापणी सुजून डोळा अर्धा मिटला होता.

शेजारच्या काकूंनीं पाहतांक्षणींच निदान केलें. "अहो, ही नागीण! तोंडाला तोंड मिळालें कीं संपलें. आधीं गेरूचा लेप लावा." काकूंचा शेवटचा सिद्धांत आम्हांस मान्य नव्हता, पण नागीण डोळ्यापर्यंत गेली तर दृष्टीला खरोखरच धोका असतो, हें ठाऊक होतें, आणि त्या एका विचारानें आमची पांचांवर धारण बसली. लेप लावलाच, हें येथें कबूल करणें भाग आहे.

तालुक्याच्या डॉक्टरांनीं गेरू पुसून काढला आणि एवढेंच सांगितलें, "हात मुडपा पाहूं." आम्हीं मुडपला. दंडावरचा डाग खालच्या हातावरच्या डागाला असा तंतोतंत जाऊन मिळाला, कीं ओल्या शाईचा कागद दुमडावा आणि दोन्हीं बाजूंस सारखी आकृति उठावी. "नागीण असें करीत नाहीं," ते म्हणाले. "ती एका शिरेचा पट्टा धरून शरीराच्या एकाच अंगाला येते, आणि बहुधा फोडांच्या आधीं दोनतीन दिवस ठणका लागतो. तुमचा एक डाग डाव्या हातावर, दुसरा उजव्या पापणीवर. परवां रात्रीं कोणता किडा चिरडलात?"

आम्हांस आठवेना. आठवलें तें त्यांनीं किड्याचें वर्णन केल्यावर. लांबी बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, बांधा मुंगळ्यासारखा. डोकें काळें, छाती नारिंगी, मध्यें निळसर काळे आंखूड पंख, पुन्हा नारिंगी पोट आणि शेपटाचें टोंक काळें. हा पीडेरस जातीचा भुंगेरा. हा चावत नाहीं, नांगी मारीत नाहीं. अंगावरून नुसता चालून गेला तर बहुधा कांहीं होत नाहीं. त्याच्या अंगांतील रसांत पेडेरिन नांवाचें दाहक द्रव्य असतें, आणि तें बाहेर काढण्याचें काम आपला तळहात करतो. मौज अशी, कीं तें द्रव्यही त्याचें स्वतःचें नव्हे; मादीच्या शरीरांत राहणारे सूक्ष्म जंतु तें तयार करतात, असें 2002 मध्यें उघडकीस आलें. पेडेरिन त्वचेच्या पेशींचें प्रथिनें घडविण्याचें काम बंद पाडतें. हा परिणाम दिसून येण्यास बहुधा एक दिवस लागतो, आणि या दिवसभराच्या अंतरामुळेंच गुन्हा एका रात्रीचा आणि आरोप भलत्यावर, असा घोटाळा होतो. आमच्या पापणीपर्यंत तें विष नेणारा हातही आमचाच!

उपाय साधा निघाला. चिरडल्याबरोबर ती जागा व बोटें साबण लावून भरपूर पाण्यानें धुतलीं असतीं, तर बरेंचसें निभावलें असतें. आतां थंड पाण्याच्या घड्या, हातासाठीं एक सौम्य स्टेरॉइडचें मलम, आणि फोड न फोडण्याची ताकीद. पापणीला तें मलम आपल्या मनानें लावूं नये, हें त्यांनीं दोनदां बजावलें. डोळा आंतून तपासून निराळें औषध दिलें. घरच्यांना संसर्ग होत नाहीं, हें ऐकून आमच्या सौभाग्यवतींनीं मुलांना पुन्हा आमच्याजवळ येऊं दिलें.

आमच्या खाचरांत कसणाऱ्या गड्याला हा किडा चांगला परिचित होता. ओल्या मातींत तो राहतो आणि भातावरचे तुडतुडे खातो, म्हणून गड्याची त्याच्याविषयीं तक्रार नाहीं. तो आमच्या घरांत येतो तो पांढऱ्या दिव्याच्या ओढीनें. तेव्हांपासून संध्याकाळीं खिडकीला बारीक जाळी लागते, आणि निजण्यापूर्वीं अंथरूण झटकलें जातें. आठवड्यानें असाच एक पाहुणा आमच्या बाहीवर चढला. शेपूट वर उचलून तो विंचवाचा आव आणीत होता. हात आपोआप उगारला गेला होता. तो तसाच खालीं घेतला, त्याच्यापुढें पोस्टकार्ड धरलें, आणि तो त्यावर चढतांच खिडकीबाहेर झटकून दिला.

डोळा पांच दिवसांत निवळला. हातावरची खपली दहाव्या दिवशीं पडली, काळसर रेघ मात्र दिवाळीपर्यंत राहिली. काकू ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवीत आणि गेरूचा गुण सांगत.