काडीची सावली

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडे फोन माणसांबरोबर सकाळीच शेतात जातो आणि दिवे लागणीला त्यांच्याचबरोबर घरी येतो. त्याच्या काचेवर धुळीचा आणि कपाशीच्या तंतूंचा पातळ थर असतो, आणि तो चुलीपाशी चार्जिंगला लागला की घरातलं लेकरू त्याच्या वाट्याची घटका मागू लागतं. अंबडपासून घनसावंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गावांत मुलाच्या हाती फोन येण्याची वेळ ही अशी रात्रीची, जेवणानंतरची. दर आठवड्याला मुलांसाठी विज्ञानाचा पॉडकास्ट करायचं मनात आलं तेव्हा मी आधी ही वेळ लिहून ठेवली, विषय नंतर सुचला. ऐकणारा अंधारात बसलेला आहे, शेजारी आजी आहे, भिंतीपलीकडे गोठा आहे आणि आभाळात सूर्य नाही, एवढं धरूनच पहिलं वाक्य लिहायचं होतं.

आवाजाचं माध्यम मला पहिल्यापासून जवळचं वाटतं. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, शाळांना कुलूप असताना नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ लागायची. फळा नाही, चित्र नाही, नुसत्या बोलण्यावर शिकायचं आणि शिकवायचं. अशा बोलण्यात चित्राची उणीव शब्दांनी भरून काढण्याचा मोह फार होतो. मग आपण ग्रह, तारे, आकाशगंगा यांची वर्णनं रंगवत जातो, मूल ती कानांनी ऐकतं आणि सकाळी विसरतं. मला वाटतं, आवाजानं दाखवण्याच्या फंदात पडू नये. पाहण्याचं काम मुलाच्या डोळ्यांवर सोपवावं, आणि कुठे, केव्हा, काय पाहायचं एवढंच नेमकं सांगून बाजूला व्हावं. म्हणून ओळख करून देणाऱ्या पहिल्या भागात मी विज्ञानाची थोरवी ठेवली नाही. एक काडी ठेवली. दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर, शनिवारी रात्री मुलांच्या घरी पोचावी अशी ती संहिता आहे:

“लेकरांनो, जेवणं झाली का? मी शाळेतली बाई बोलतेय. आता दर शनिवारी रात्री आपण थोडा वेळ असंच भेटायचं. आज मी काही शिकवणार नाही, एक काम देणार आहे. तुराटीची एक सरळ काडी शोधा. तिच्यावर फूटपट्टीनं तीस सेंटिमीटरची खूण करा. खुणेच्या खाली उरलेली काडी मातीत रोवा, तीस सेंटिमीटर वर राहू द्या. दोऱ्याला खडा बांधून काडीशेजारी धरा; काडी दोऱ्यासारखी सरळ हवी, सगळ्या बाजूंनी. उद्या दुपारी बारा वाजता सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवा. पाच मिनिटांनी दुसरा. असं पाऊण वाजेपर्यंत. सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, आपलं काम सावलीशी आहे. सगळ्यात आखूड सावली मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. आता सांगा, पुढच्या रविवारी ही सावली एवढीच असेल, का लांबेल, का आखडेल? उत्तर मला ठाऊक आहे, पण ते तुम्ही मोजून सांगायचं.”

सावकाश वाचलं तर हे जेमतेम दीड मिनिट होतं. प्रश्नानंतर मी तीन सेकंद काहीच बोलत नाही. फोनवर ऐकताना तेवढी शांतता फार लांब वाटते, ध्वनिमुद्रण अडकलं की काय असंही वाटतं, पण घरातलं दुसरं कुणीतरी ‘लांबेल’ म्हणून बोलून जातं ते याच फटीत. ‘उद्या दुपारी’ हे शब्दही वेळेचा विचार करूनच आले आहेत. ‘चला, बाहेर जाऊन बघा’ म्हणावं तर बाहेर काळोख. शिवाय उद्या रविवार, म्हणजे मूल अंगणात असेल किंवा आईबापांबरोबर कपाशीच्या रानात, आणि काडी दोन्हीकडे रोवता येते.

ध्वनिमुद्रणासाठी वर्गात बोलून पाहिलं तर पत्र्याचं छप्पर आणि गिलाव्याच्या भिंती आवाज परत फेकतात. एक टाळी वाजवावी आणि तिच्यामागे शेपूट ऐकू येतं का ते पाहावं. आलं, तर त्या खोलीत बोलू नये. घरातल्या गोधड्यांच्या उतरंडीपाशी बसलं की ते शेपूट नाहीसं होतं. फोन तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, किंचित बाजूला धरला की ‘प’ आणि ‘फ’ फुस्स होत नाहीत. पाच मिनिटांचं बोलणं एकाच वाहिनीवर, ६४ केबीपीएसनं साठवलं तर फाइल सुमारे अडीच एमबीची होते, आणि एवढी फाइल अशक्त नेटवर्कमध्येही रात्रीतून उतरते.

पण माझं मन खरं गुंततं ते त्या काडीत. आमचं जालना साधारण १९.८ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे सावलीचं वर्षभराचं गणित कागदावर मांडता येतं. नोव्हेंबरच्या मध्यावर तीस सेंटिमीटरच्या काडीची मध्यान्हसावली चोवीसच्या आसपास असते. आठवड्याभरात ती पंचवीसच्या थोडी पुढे जाते, मग सव्वीस, मग सत्तावीस. आणि डिसेंबर उजाडला की तिची चाल मंदावत जाते. २२ डिसेंबरच्या सुमारास ती अठ्ठावीसच्या किंचित पुढे येऊन थांबते, जवळजवळ काडीएवढी होते, आणि मागे वळते. हे मंदावणं एका दिवसाच्या पाहण्यात कधीच दिसत नाही. त्याला आठवडे लागतात, आणि आठवड्याच्या कार्यक्रमाला यापेक्षा चांगला सोबती मला सुचला नाही.

मोजमाप कुठे बिघडेल याचाही विचार आधीच करायला हवा, कारण बिघडलेला आकडा मुलाला फसवतो आणि ते स्वतःलाच कच्चं समजू लागतं. काडी अवघी तीन अंश कलली तर सावलीचं टोक दीड सेंटिमीटर सरकतं, म्हणजे आठवड्याभराची सारी वाढ त्या कलण्यात बुडते. संहितेतला खड्याचा दोरा म्हणजे गवंड्याचा ओळंबा. तो वगळला तर बाकीचं सगळं व्यर्थ. दुसरी अडचण घड्याळाची. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण त्याच्या पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्याच्या रेषेवर येतो तो नोव्हेंबरच्या मध्यावर बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी आणि डिसेंबरच्या अखेरीस जवळजवळ साडेबाराला. म्हणून खड्यांची रांग, आणि तिच्यातली आखूड सावली. तिसरी गोष्ट दुरुस्त होत नाही. सूर्य हा ठिपका नसून तबकडी आहे, त्यामुळे सावलीचं टोक अर्धा सेंटिमीटर पुसट राहतं. त्या पुसटपणाच्या मधोमध खडा ठेवायचा, आणि दर वेळी तसाच ठेवायचा, एवढंच आपल्या हाती.

संक्रांत येईपर्यंत सावली सव्वीसच्या आसपास परतलेली असते. तीळगुळाच्या दिवसापासून उत्तरायण लागतं असं आजी सांगते, आणि वही सांगते की सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो आणि त्या डुलण्यानं ते हळूहळू दूर गेले. आजीचं सांगणं त्या जुन्या आकाशाला धरून आहे, असं मी संक्रांतीच्या भागात म्हणेन. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला लेकराच्या हातून खोटं पाडण्याची मला मुळीच इच्छा नाही.

आणि एक विचार सतत मनात घोळतो. दसरा-दिवाळी उलटली की आमच्या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाच्या ट्रकमध्ये भांडी, कोयते, शेळी आणि पोरं बसतात, आणि वर्गातल्या काही जागा उन्हाळ्यापर्यंत रिकाम्या राहतात. त्या मुलांची शाळा सुटते, पण फोन तर कोपीतही असतो. शनिवारची ती अडीच एमबी कोल्हापूरकडच्या फडावरही पोचेल, आणि तिथेही काडी आहे, ऊन आहे. मग मला एकाएकी जाणवलं की गेलेलं मूल या प्रयोगात उणं पडत नाही, उलट त्याच्यावाचून प्रयोग अर्धा राहतो.

कोल्हापूर १६.७ अंशावर आहे. २२ डिसेंबरला तिथल्या तीस सेंटिमीटरच्या काडीची मध्यान्हसावली पंचवीसच्या थोडी वर असते, आपल्याकडची अठ्ठावीसच्या थोडी वर. फरक तीन सेंटिमीटर. कंपासपेटीतल्या कोनमापकानं दोन्ही त्रिकोण कागदावर काढले तर काडीच्या टोकापाशी होणाऱ्या कोनांतला फरक तीन अंशांच्या जरा वर येतो. नकाशात दोन्ही ठिकाणांचं सरळ उत्तर-दक्षिण अंतर मोजलं तर ते साधारण ३५० किलोमीटर. तीन अंशांना एवढं, तर ३६० अंशांना किती? नीट मोजलं तर उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येतं, म्हणजे पृथ्वीचा घेर. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसनं इजिप्तमधल्या दोन गावांच्या सावल्यांवरून हेच केलं होतं. एका टोकाला अर्धा सेंटिमीटर चुकला तर उत्तर सहा-आठ हजार किलोमीटरनं हलतं, हेही मुलांना सांगायचं, आणि म्हणूनच एका काडीवर न विसंबता दोन्हीकडच्या पुष्कळ मुलांच्या आकड्यांची सरासरी काढायची.

यासाठी संहितेत शेवटी दोन वाक्यं मी वाढवली आहेत: “तुमच्यातली काही लेकरं उसाच्या फडावर असतील. तुम्ही काडी रोवलीच पाहिजे, तुमच्या आकड्याशिवाय आमचं गणित सुटत नाही.” त्यांना धीर द्यायला म्हणून मी हे लिहिलेलं नाही. भूमितीच तसं म्हणते.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी साखर कारखान्याच्या पट्ट्यात राहत असेल, तिथल्या शाळेत शिकवत असेल, तर एक विनंती आहे. २२ डिसेंबरला दुपारी बारा ते पाऊण या वेळात जवळच्या कोप्यांवर जा. तिथल्या मुलाला एक काडी, फूटपट्टी आणि खडा बांधलेला दोरा द्या, सावली त्यालाच मोजू द्या, आणि त्याचा आकडा गावाच्या नावासह त्याच्या मूळ शाळेच्या बाईंना किंवा सरांना कळवा.