आडनाव पूर्वीचंच

लग्नाच्या फोटोखाली लिहिलं, "लग्न झालं, आनंदात आहोत. माझं आडनाव पूर्वीचंच राहील." पाठवण्याआधी बार्शीटाकळीला सासूबाईंना वाचून दाखवलं.

"कायद्यानं बदलाच लागते काय?"

"नाही आई, तशी सक्ती नाही. पासपोर्टही जुन्या नावानं चालतो."

माझी अमरावती विद्यापीठाची पदवी, पॅन, सेवापुस्तक सगळं एकाच नावावर आहे. आधारवर बदललं आणि पॅनवर राहिलं, तर दोन्हींची जोडणी अडते. जाऊबाईंनी आडनाव बदललं, पण विवाह प्रमाणपत्र दाखवून आधार, पॅन, बँक असं सगळीकडेच. तेही मला तितकंच पटतं.

मजकुरात कारण मुद्दाम दिलं नाही. कारण दिलं की वाद सुरू होतो; नुसतं सांगितलं की लोक शुभेच्छा देतात. ऑफिसच्या ग्रुपवरही तोच मजकूर टाकला.