गंमत आणि क्षमापना

श्रावणात आम्हा आठ-दहा मित्रांची एक सहल मुळशी तालुक्यातील रिहे गावी निघाली होती. भातखाचरे हिरवीगार झाली होती. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकावयाचे म्हणून पाने लवकर मांडली. खर्चाची वर्गणी गोळा होत असता एका व्यापारी मित्राने, "माझे पुढील महिन्यात देतो," असे म्हटले. बँकेत आयुष्य गेलेला मी चटकन बोललो, "शेठजी, ९० दिवस उलटले तर तुमचे खाते एनपीए होईल हं!"

सगळे हसले. शेठजीही हसले, पण त्यानंतर ते पानावर काही बोलले नाहीत आणि परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर पाहत बसले. दुकानाच्या कर्जाचे व्याज थकून त्यांचे खाते खरोखरच त्या मर्यादेला टेकले होते, हे मला चार दिवसांनी समजले.

मी लगेच फोन केला. "गंमत केली हो, मनाला लावून घेऊ नका." ते म्हणाले, "छे, छे." फोन ठेवल्यावर लक्षात आले की मी माफी मागितलीच नव्हती, मनाला लावून न घेण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले होते. पुढे संवत्सरीला सर्वांना पाठविला तोच 'मिच्छा मि दुक्कडम्'चा संदेश त्यांनाही गेला. 'माझे दुष्कृत्य मिथ्या होवो' हा त्या शब्दांचा अर्थ. पण कोणते दुष्कृत्य? आलोचनेत दोष नेमका सांगावयाचा असतो. आमच्या संदेशात मात्र 'जाणता-अजाणता काही चुकले असल्यास' एवढेच होते. त्यातील 'असल्यास' हा शब्द मला आता बोचू लागला. बँकेत कर्जदाराने 'काही देणे असल्यास' असे लिहून दिले असते, तर मी तो कागद परत केला असता.

शेवटी त्यांच्या घरी गेलो. "रिह्याला वर्गणीवरून मी तुमच्या खात्याची थट्टा केली. चारचौघांत तुम्हाला खाली पाहावयास लावले. चूक माझी आहे," एवढेच बोललो. मला ठाऊक नव्हते, हे सांगण्याचा मोह फार झाला, तो आवरला. कर्जाविषयीही काही विचारले नाही.

थट्टा सर्वांसमक्ष झाली, तेव्हा माफीही तशीच हवी, असे मला वाटत होते. तरी त्यांना आधी विचारले, हे बरे झाले. ते म्हणाले, "साहेब, तेथे खात्याचे नाव काढू नका. अजून कोणाला माहीत नाही."

पुढच्या बैठकीत मी इतकेच म्हणालो, "रिह्याला वर्गणीवरून मी शेठजींना बोललो, ते शोभले नाही." कोणी तरी "अहो, त्यात काय!" म्हणत हसू लागला. मी हसलो नाही. शेठजींनी चहाचा कप माझ्याकडे सरकविला. वर्गणी त्यांनी पुढे दिवाळीत दिली.