कथनातील काळाचे भान

भूतकाळात गोष्ट सांगावयास बसलेला लेखक मध्येच वर्तमानकाळात शिरतो आणि तितक्याच नकळत परत फिरतो, तेव्हा काहीतरी बिनसले हे वाचकास जाणवते. परंतु दोष नेमका कोठे आहे हे त्यास दाखविता येत नाही, कारण सुटे घेतलेले प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोषच असते. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या अखेरीस येत असल्यामुळे, अशा परिच्छेदाची क्रियापदे तेवढी क्रमाने समासात उतरवून पाहावी, असा माझा शिरस्ता आहे. उदाहरणार्थ, हा मजकूर घ्यावा :

‘मामलेदार कचेरीत आले. नदीकाठची ही कचेरी जुनी आहे. शिरस्तेदाराने दफ्तर पुढे ठेवले. मामलेदार कागद चाळतात आणि कपाळाला आठ्या घालतात. नंतर त्यांनी शिपायाला हाक मारली. एक पान गहाळ आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.’

समासात उतरलेल्या यादीत वर्तमानकाळ चार ठिकाणी आढळतो; परंतु चारही ठिकाणी लेखणी चालविणे हा अन्याय होईल. कचेरी आजही उभी असेल, तर ‘जुनी आहे’ हे निवेदकाच्या स्वतःच्या काळाचे विधान आहे. ‘गहाळ आहे’ हेही यथार्थच होय. कारण मनात आलेल्या किंवा मुखातून निघालेल्या गोष्टीस मराठी तिच्या मूळ क्षणाचाच काळ ठेवू देते, आणि तेथे ‘होते’ घातल्यास ते पान पुढे सापडले असावे, असा भलताच ग्रह होऊ शकेल. उरतात ती ‘चाळतात’ आणि ‘घालतात’ ही दोन. त्यांना मात्र कसलाच आधार नाही.

मग ती तेथे आली कशी? सकर्मक क्रिया साध्या भूतकाळात सांगावयाची, तर कर्त्यास बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ लावून क्रियापद कर्माच्या स्वाधीन करावे लागते. ‘मामलेदार’ हा कर्ता विनाप्रत्यय लिहून झाला, की ‘चाळले’ म्हणण्याचा मार्ग बंद होतो आणि लेखणी जवळच्या ‘चाळतात’कडे वळते. म्हणून दुरुस्तीसाठी नुसते क्रियापद बदलून भागत नाही. ‘मामलेदारांनी कागद चाळले’ असे कर्त्यापासून वाक्य फिरवावे, किंवा कर्ता तसाच ठेवावयाचा असल्यास ‘मामलेदार कागद चाळू लागले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या’ असे लिहावे.

ऐतिहासिक वर्तमानकाळाचा दाखला देऊन कोणी मूळ वाक्याचे समर्थन करील. आणि घडून गेलेला प्रसंग डोळ्यांपुढे उभा करण्याची त्या प्रयोगाची शक्ती मला मान्यच आहे. परंतु जो लेखक तो हेतुपुरस्सर योजतो, तो प्रसंगाच्या उंबरठ्यावर काळ बदलतो आणि प्रसंग संपेपर्यंत तो पाळतो. येथे आठ्या पडल्यावर काहीच संपलेले नाही. त्याच खोलीत, त्याच क्षणाला लागून, ‘हाक मारली’ असा भूतकाळ परत येतो. काळ बदलला, पण निवेदकाने आपली जागा बदलली नाही, असे जेथे दिसेल, तेथेच स्खलन समजावे. अन्यत्र वर्तमानकाळास हात लावू नये.