दुसरा हप्ता चुकला तर?

आज कर्जकराराच्या अनुवादात परतफेडीचा तक्ता उतरवला. आकडे तेच राहतात, तरी पहिली ओळ मी हाताने मांडतेच. एक लाख कर्ज, वार्षिक १२ टक्के, बारा मासिक हप्ते. हप्ता ८,८८५ रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज १,०००, मुद्दल ७,८८५, बाकी ९२,११५. जुळले.

मन अडकले ते दंडाच्या कलमात. दुसरा हप्ता महिनाभर थकला, तर २ टक्के कशावर? हप्त्यावर धरले तर सुमारे १७८ रुपये, बाकी मुद्दलावर धरले तर १,८४२! मूळ करारात हप्ताच आहे. नुसते ‘थकबाकीवर’ लिहिले तर कर्जदार गोंधळेल, म्हणून लांबले तरी ‘मुदतीत न भरलेल्या हप्त्याच्या रकमेवर’ असेच ठेवले. उद्या तारखांचा रकाना तपासायचा.