पाठराखीण

नवरीबरोबर सासरी पाठराखीण जाते, तसा इंग्रजीतल्या कितीतरी विशेषणांच्या आणि क्रियापदांच्या सोबतीला एकेक छोटा शब्द जातो. इंटरेस्टेडबरोबर इन, डिफरंटबरोबर फ्रॉम, रिस्पॉन्सिबलबरोबर फॉर. कोणाबरोबर कोण जायचं हे रीतीने ठरलेलं असतं. मराठी माध्यमातल्या मुलांचे इंग्रजी निबंध तपासताना माझं लाल पेन अडतं ते बहुतेक वेळा इथेच. काळ बरोबर, स्पेलिंग बरोबर, विचारही चांगला, फक्त सोबतीचा शब्द भलताच. या चुकांना निष्काळजीपणा म्हणणं मला पटत नाही. मूल इथे अंदाजाने लिहीत नसतं, ते मराठीला विचारून लिहीत असतं.

गावच्या तलावावरच्या निबंधात येतील अशी ही चार वाक्यं पाहा: पीपल ऑफ माय व्हिलेज आर इंटरेस्टेड इन फार्मिंग. अवर लेक इज डिफरंट दॅन अदर लेक्स. एव्हरी पर्सन इज रिस्पॉन्सिबल टू धिस डर्टी वॉटर. वी शुड डिस्कस अबाउट इट इन ग्रामसभा.

पहिलं वाक्य बिनचूक आहे. पण ते बिनचूक का आलं? आपल्याला शेतीत रस असतो, म्हणून. ‘शेतीत’मधला त इंग्रजीत गेला आणि नेमका इन होऊन बसला. तोच मुलगा पुढच्या पानावर ‘गुड इन मॅथ्स’ लिहितो, कारण मराठीत माणूस गणितात हुशार असतो. पुस्तकी इंग्रजी तिथे अ‍ॅट मागतं. एकाच सवयीने एक वाक्य तारलं आणि दुसरं बुडवलं. तारलेल्या वाक्याखाली रेघ येत नाही, म्हणून ही सवय आहे हे मुलालाही कळत नाही आणि शिक्षकालाही.

दुसऱ्या वाक्यातला दॅन सरळ ‘पेक्षा’मधून आला आहे. आमचा तलाव इतर तलावांपेक्षा मोठा आणि इतर तलावांपेक्षा वेगळा, दोन्हीकडे आपला पेक्षा एकच. इंग्रजीने मात्र ही दोन नाती वेगळी ठेवली आहेत. मोठेपणा मोजायचा तर बिगर दॅन, वेगळेपण सांगायचं तर डिफरंट फ्रॉम. डिफर या क्रियापदालाही फ्रॉमच लागतं, हे लक्षात ठेवलं की विशेषणाचा घोळ कमी होतो. इथे रेघ ओढताना हात जरा हलका मात्र ठेवावा. अमेरिकेत डिफरंट दॅन सर्रास चालतं, ब्रिटनमध्ये बोलताना डिफरंट टूही ऐकू येतं. फ्रॉम दोन्हीकडे चालतं, म्हणून परीक्षेत तेच लिहावं, एवढंच मुलांना सांगायचं.

तिसरं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण तिथे अर्थच उलटला आहे. लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं की पाणी घाण झालं याला प्रत्येक माणूस जबाबदार आहे. त्या ‘याला’मधला ला टू होऊन उतरला. इंग्रजीत माणूस एखाद्या गोष्टीसाठी रिस्पॉन्सिबल फॉर असतो आणि ज्याच्यापुढे जाब द्यायचा त्याला रिस्पॉन्सिबल टू. ग्रंथपाल लायब्ररीसाठी रिस्पॉन्सिबल फॉर, मुख्याध्यापकांना रिस्पॉन्सिबल टू. म्हणजे मुलाच्या वाक्यात गावकरी त्या घाण पाण्यापुढे जाब द्यायला उभे राहिले! मराठीत अपघाताला चालक जबाबदार असतो आणि नागरिकशास्त्राच्या पुस्तकात मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं. दोन्हीकडे ला. कारण कोण आणि जाब विचारणारा कोण, हे आपण संदर्भावरून ओळखतो. इंग्रजी ते छोट्या शब्दावर सोपवतं.

हे समजावताना मी मुलांना एक प्रश्न विचारते. ‘आई मला रागावली’ आणि ‘आई माझ्यावर रागावली’ यांत फरक काय? वर्गात लगेच हात वर होतात. मला रागावली म्हणजे बोलणी खाल्ली, माझ्यावर रागावली म्हणजे ती मनात राग धरून आहे, कदाचित बोलतही नाही. क्रियापद एकच, ला आणि वरने घरातलं वातावरण बदललं. हा फरक त्यांना कोणी पाठ करायला लावला नव्हता. ज्याला हा फरक ऐकू येतो त्याला फॉर आणि टूमधला फरकही ऐकू येऊ शकतो. इंग्रजीच काहीतरी विचित्र भाषा आहे आणि तिचे नियम नुसते घोकायचे आहेत, ही समजूत इथेच सैल होते.

चौथ्या वाक्याची गोष्ट निराळी आहे. तिथे पाठराखीण चुकलेली नाही, ती नको असताना आली आहे. डिस्कस या क्रियापदाला अबाउट लागत नाही: वी डिस्कस्ड द प्रॉब्लेम. आपण मात्र ‘डिस्कस’ असं एका शब्दात म्हणतच नाही, आपण चर्चा करतो. नाम आणि करणे. चर्चा कशाबद्दल तरी असते, मागणी कशाची तरी असते, भर कशावर तरी असतो. इंग्रजीतही डिस्कशन, डिमांड आणि एम्फसिस या नामांना अबाउट, फॉर आणि ऑन लागतात. म्हणून मूल नामाची सोबतीण क्रियापदाकडे पाठवतं आणि डिस्कस अबाउट, डिमांड फॉर, एम्फसाइझ ऑन अशी रांग लागते. उपायही यातच आहे. नाम आणि क्रियापद जोडीने, शेजारी शेजारी लिहायचं: अ डिमांड फॉर वॉटर, पण दे डिमांडेड वॉटर.

शब्दांच्या वहीत ‘रिस्पॉन्सिबल म्हणजे जबाबदार’ एवढंच लिहिलेलं असतं, तिथेच पुढच्या चुकीची सोय झालेली असते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते, तेव्हा त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्याची हीच गरज दिसली. शब्दाचा अर्थ त्याला कळतो, पण तो शब्द वाक्यात कशाबरोबर नांदतो हे कळत नाही. त्यातून 1942 मध्ये टोकियोत त्यांचा शब्दकोश निघाला. 1948 मध्ये तो ऑक्सफर्डने छापला आणि पुढे विद्यार्थ्यांचा ऑक्सफर्ड म्हणून घरोघरी पोचला. आजही त्या धर्तीच्या कोशात रिस्पॉन्सिबल उघडला तर शेजारी फॉर दिसतो. आपली मुलं अर्थ वाचून पान मिटतात. त्यांना एक ओळ खाली जायला शिकवायचं आणि वहीत सबंध तुकडा उतरवून घ्यायला लावायचा: रिस्पॉन्सिबल फॉर द डर्टी वॉटर.

तपासणाऱ्यानेही सगळ्या चुका एकाच तराजूत टाकू नयेत. डिस्कस अबाउट खटकतं, पण अर्थ पोचतो. भारतात तर कितीतरी सुशिक्षित माणसं तसं बोलतात. रिस्पॉन्सिबल टू अर्थ फिरवतं, म्हणून त्याच्यापाशी आधी थांबायचं आणि समासात ‘कशासाठी, की कोणाला?’ एवढं मराठीतून लिहायचं. मूल स्वतः फॉर लिहून आणतं. आणि पहिल्या वाक्यातल्या इंटरेस्टेड इनला आठवणीने बरोबरची खूण करायची. मराठी कुठे चकवते हे मुलाला आपण रोज सांगतो. ती कुठे नेमकी वाट दाखवते, हे कळायचाही त्याला तितकाच हक्क आहे.